एकसारख्या दिसणाऱ्या स्प्रिंगांची अदलाबदल कशी रोखावी : असेंब्ली स्टेशनवरील पोका-योके, टप्प्याटप्प्याने

एकाच स्टेशनवर दोन मॉडेल बनतात, दोन्हींमधील एखादा भाग दिसायला हुबेहूब सारखा असतो, आणि केव्हातरी एकाचा भाग दुसऱ्यात बसवला जातो. ही अडचण नव्याने अंगावर आलेल्या प्रोसेस किंवा क्वालिटी विभागातील सहकाऱ्यांसाठी पोका-योके, म्हणजे चूक आपोआप अडवणारी योजना, यावर हा लेख लिहीत आहे. आम्ही जे उपाय केले त्यांतील पहिला चुकीच्या जागी केला होता, आणि तो चुकीच्या जागी आहे हे कळायला ग्राहकाची तक्रार यावी लागली. तुमचा तो फेरा वाचावा, एवढाच हेतू आहे.

उदाहरण म्हणून संपूर्ण लेखात एकच प्रकरण घेतले आहे. दाब मर्यादेत ठेवणारा एक छोटा रिलीफ व्हॉल्व्ह, त्याची दोन मॉडेल: ‘अ’ कमी दाबाचे आणि ‘ब’ जास्त दाबाचे. दोन्हींच्या स्प्रिंगचा बाहेरचा व्यास १६ मि.मी., मोकळी लांबी ४० मि.मी., वेटोळी सारखीच आणि रंगही सारखाच काळा. फरक फक्त तारेत आहे: ‘अ’ची तार १.६ मि.मी. जाडीची, तर ‘ब’ची १.८. हा फरक हातभर अंतरावरून डोळ्यांना दिसत नाही. मात्र स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढत असल्याने ३० मि.मी. उंचीपर्यंत दाबल्यावर पहिली सुमारे २७ न्यूटन जोर देते आणि दुसरी सुमारे ४५.

सुरुवातीला जवळ काय असावे

- दोन्ही भागांची चालू ड्रॉइंग, टॉलरन्ससह
- आतापर्यंतच्या अदलाबदलीच्या नोंदी: तक्रारी, रिवर्क रजिस्टर, अंतिम चाचणीतील नापास नग
- त्या स्टेशनचा प्रोसेस एफएमईए, कंट्रोल प्लॅन आणि कामाची मानक पद्धत
- मायक्रोमीटर, वर्निअर, दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा आणि स्प्रिंग टेस्टर
- प्रत्येक भागाचे किमान ३० नग, शक्यतो निरनिराळ्या लॉटमधले

शेवटच्या ओळीकडे दुर्लक्ष करू नका. एकाच लॉटमधले नग एकमेकांशी फार जुळतात, त्यामुळे त्यांच्यावर बेतलेला उपाय पुढचा लॉट आला की डगमगू लागतो.

१. चूक कोणत्या दाराने आत येते, ते आधी ठरवा

‘भाग बदलला गेला’ हे एकच वाक्य तीन निरनिराळ्या घटनांसाठी वापरले जाते. पहिल्या घटनेत दोन्ही बिन बरोबर भरलेले असतात, पण हात चुकीच्या बिनमध्ये जातो. दुसरीत हात बरोबर बिनमध्ये जातो, पण बिनमध्येच दुसऱ्या जातीचे नग मिसळलेले असतात. तिसरीत बिनही बरोबर असतो आणि हातही बरोबर असतो, परंतु स्टेशन चुकीच्या मॉडेलवर लावलेले असते, त्यामुळे सगळेच जण मनापासून चुकीचे काम करत राहतात.

आमच्याकडे चर्चेच्या बैठकीत सर्वांनी पहिलेच दार गृहीत धरले आणि बिनवर दिवे बसवले. ज्या बिनमधून भाग घ्यायचा त्यावर हिरवा दिवा लागतो, आणि दुसऱ्या बिनमध्ये हात गेला तर पडदा-सेन्सर लाइन थांबवतो. उपकरण उत्तम चालत होते. तरीही तीन आठवड्यांनी ‘अ’ मॉडेलमध्ये जाड स्प्रिंग असल्याची तक्रार आली. त्या पाळीतील सर्व उचल बरोबर बिनमधूनच झाल्याची नोंद होती. बिन रिकामा करून प्रत्येक स्प्रिंगची तार मोजली, तेव्हा पातळ स्प्रिंगांच्या ढिगात आणखी पाच जाड स्प्रिंग सापडल्या. मॉडेल बदलताना उरलेल्या मूठभर स्प्रिंग परत ठेवणाऱ्याने त्या शेजारच्या बिनमध्ये ओतल्या होत्या.

तेव्हा ध्यानात आले की दिवा बिन ओळखतो, स्प्रिंग ओळखत नाही.

त्या स्टेशनवर काम करणाऱ्या ताईंनी दिवे बसण्याच्या आधीच आम्हांला सांगितले होते, ‘साहेब, मधूनच एखादी स्प्रिंग बसवताना बोटाला कडक लागते.’ आम्ही ते टिपून घेतले नाही. तुम्ही टिपून घ्या. एकसारख्या भागांतील फरक सर्वांत आधी त्या बोटांना कळतो, आणि कोणता गुण तपासावा याचे उत्तर पुष्कळदा त्यांच्याच वाक्यात असते. इथे ते होतेच: स्प्रिंगचा कडकपणा.

दार ओळखण्यासाठी निदान तीन वेळा स्टेशनजवळ उभे राहा: मॉडेल बदलताना, बिन भरताना आणि रिवर्कचे भाग परत येताना. सुरळीत चालू असलेल्या कामाकडे तासभर पाहून फारसे हाती लागत नाही, कारण मिसळ बहुधा या तीन वेळांतच होते.

२. दोन्ही भागांतील फरक मोजा आणि तो टॉलरन्सशी ताडून पाहा

आता दोन्ही भाग शेजारी ठेवून त्यांच्यातील प्रत्येक फरक लिहून काढा, आणि प्रत्येक फरकासमोर एकच प्रश्न लिहा: टॉलरन्सच्या दोन्ही टोकांना हा फरक शिल्लक राहतो का?

आमच्या स्प्रिंगमध्ये आतला व्यास हा पहिला उमेदवार होता. बाहेरचा व्यास १६ असल्यामुळे पातळ तारेच्या स्प्रिंगचा आतला व्यास १२.८ मि.मी. आणि जाड तारेच्या स्प्रिंगचा १२.४ येतो. मग फिक्स्चरवर १२.६ मि.मी.ची खुंटी ठेवली की जाड स्प्रिंग तिच्यावर बसणारच नाही, असे कागदावर दिसते. परंतु अशा स्प्रिंगच्या व्यासालाच दोन्ही बाजूंना दोन-तीन दशांश मि.मी. टॉलरन्स असतो. म्हणजे व्यास वाढलेली जाड स्प्रिंग खुंटीवर बसेल आणि व्यास घटलेली पातळ, चांगली स्प्रिंग अडेल. चांगले भाग अडू लागले की दोन दिवसांत कोणीतरी ती खुंटी घासून बारीक करतो, आणि उपाय तिथेच संपतो.

याच खुंटीत आणखी एक दोष आहे, तो नवख्यांच्या नजरेतून हमखास सुटतो. खुंटीचे माप अगदी नेमके असते तरी तिने एकाच दिशेची चूक अडवली असती. ‘अ’ बनवताना आलेली जाड स्प्रिंग अडली असती, पण ‘ब’ बनवताना आलेली पातळ स्प्रिंग बिनबोभाट आत गेली असती. लहान भाग मोठ्या जागेत नेहमीच बसतो. त्यामुळे आकारावर आधारलेला कोणताही उपाय ठरवताना ‘अ’च्या जागी ‘ब’ आणि ‘ब’च्या जागी ‘अ’ अशा दोन्ही चुका प्रत्यक्ष करून पाहा.

वजनातही फरक होता: साधारण ७.१ ग्रॅम आणि ८.९ ग्रॅम. हा फरक दोन्ही दिशांनी उपयोगी पडतो आणि भरपूरही आहे. येणारा माल तपासताना आम्ही तोच वापरतो. स्टेशनवर मात्र प्रत्येक स्प्रिंग काट्यावर ठेवणे ही कामात पडलेली वेगळी हालचाल ठरते, आणि वेगळी हालचाल घाईच्या वेळी गाळली जाते. जी तपासणी केल्याशिवाय पुढचे काम होतच नाही, तीच टिकते. दाबल्यावर मिळणारा जोर या कसोटीवर उतरला, कारण व्हॉल्व्ह जोडताना स्प्रिंग तशीही दाबावीच लागते.

३. भागच वेगळा करता येतो का, हे डिझाइन विभागाला विचारा

ही पायरी वेळ खाते, म्हणून विनंती आजच पाठवा आणि उत्तराची वाट न पाहता पुढील पायऱ्या सुरू करा. स्प्रिंगच्या बाबतीत सोपा मार्ग म्हणजे एका मॉडेलची स्प्रिंग उजव्या आणि दुसऱ्याची डाव्या वेटोळ्याची करून घेणे. कामात फरक पडत नाही, आणि शेजारी ठेवल्यावर ओळख लगेच पटते. मात्र स्प्रिंग दुसऱ्या कशावर आटे पडल्यासारखी फिरवून चढवली जात असेल किंवा एका स्प्रिंगच्या आत दुसरी बसत असेल, तर वेटोळ्याची दिशा डिझाइनशी बांधलेली असते.

रंगाचा पट्टा मारून घेणे हा सर्वांचा आवडता उपाय आहे. तो जरूर करा, पण त्यावर विसंबू नका. पट्टा पुरवठादाराकडे मारला जातो, आणि तिथे मिसळ आधी होऊन पट्टा नंतर मारला गेला तर चुकीचा भाग बरोबर रंग लेवून तुमच्यापर्यंत येतो. लाल आणि हिरवा ही जोडीही टाळा, कारण हा भेद न दिसणारी माणसे प्रत्येक मोठ्या कारखान्यात असतात. एका जातीला एक पट्टा आणि दुसरीला दोन पट्टे, हे अधिक चांगले.

४. बिन भरण्याची आणि मॉडेल बदलण्याची पद्धत बांधून घ्या

दुसरे दार इथे बंद होते. आमच्याकडे आता स्टेशनवर एका वेळी एकाच जातीच्या स्प्रिंगचा बिन असतो. दुसऱ्या जातीचा बिन स्टेशनवरून उचलून रॅकमध्ये ठेवला जातो, शेजारी झाकून ठेवला जात नाही. जुन्या नगांवर नवे नग ओतायचे नाहीत, संपूर्ण बिनच बदलायचा. स्टेशनच्या कप्प्यावरील लेबल आणि बिनवरील लेबल असे दोन्ही स्कॅन केल्यावर ती जुळली तरच कप्प्याचे झाकण उघडते. मॉडेल बदलताना उरलेले नग मोकळे परत जात नाहीत. ते लेबल असलेल्या बिनसह जातात, आणि लेबल नसलेली मूठभर स्प्रिंग थेट भंगारात जाते. सुरुवातीला हे भंगार पाहून स्टोअरचे लोक नाराज होते, ते स्वाभाविक होते. पण ओळख हरवलेली स्प्रिंग पुन्हा बिनमध्ये जाणे हाच तर आमच्या तक्रारीचा उगम होता.

अनेक ठिकाणी या पायरीवर नग मोजून देण्याची पद्धत लावतात: २५ बॉडी आणि २५ स्प्रिंग एका ट्रेमध्ये, शेवटी काही उरले किंवा कमी पडले तर काम थांबवायचे. या पद्धतीचे मूळ फार बोलके आहे. १९६१ मध्ये शिगेओ शिंगो यांनी यामादा इलेक्ट्रिकच्या कामात असेच केले होते. एका लहान बटणात दोन स्प्रिंग घालायच्या असत आणि कधी कधी एक राहून जाई. म्हणून त्या दोन स्प्रिंग आधी एका छोट्या बशीत काढून ठेवायच्या आणि मग बसवायच्या, असे ठरले. बशीत स्प्रिंग उरली की विसर पडल्याचे तिथल्या तिथे कळे. ही बशी राहून गेलेला भाग पकडते. बदललेला भाग ती पकडू शकत नाही, कारण संख्या दोन्ही वेळा सारखीच असते. तुमची अडचण यांपैकी कोणती आहे हे न पाहता ट्रे लावला, तर कागदावर पोका-योके दिसेल आणि अदलाबदल चालूच राहील.

५. भागाचा गुण जोडणीच्या हालचालीतच तपासा

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्या. आम्ही हे दोन टप्प्यांत केले. पहिला टप्पा अगदी साधा असल्याने तो आधी सांगतो.

सरळ खाली-वर सरकणारा एक दट्ट्या तयार केला. त्यावरील वजनासह तो ३.७ किलोचा ठेवला, म्हणजे स्प्रिंगवर सुमारे ३६ न्यूटन जोर येतो. हा आकडा २७ आणि ४५ यांच्या बरोबर मध्यावरचा आहे. स्प्रिंग खाली ठेवून दट्ट्या सोडला की पातळ स्प्रिंग सुमारे १३ मि.मी. दबते आणि जाड स्प्रिंग ८ मि.मी. दबते. तारेतील दोन दशांश मि.मी.चा फरक दट्ट्याच्या जागेत पाच मि.मी.चा होऊन समोर येतो. दट्ट्याला एक पाते लावले आणि त्याच्या वाटेवर दोन सेन्सर बसवले: एक पातळ स्प्रिंगच्या उंचीवर, दुसरा जाड स्प्रिंगच्या उंचीवर. चालू मॉडेलचा सेन्सर मिळाला तरच बॉडीचा क्लॅम्प सुटतो. हे दोन्ही दिशांनी काम करते, आणि स्प्रिंग ठेवायचीच राहिली तर दट्ट्या तळाला जाऊन तेही कळते. दोन्ही जातींच्या तीस-तीस स्प्रिंग यावर घेऊन पाहिल्या, एकही दुसऱ्याच्या पट्ट्यात गेली नाही.

दुसऱ्या टप्प्यात स्प्रिंग दाबणाऱ्या प्रेसच्या खालीच लोड सेल बसवला. प्रेस ठाम थांब्यावर, ३० मि.मी. उंचीवर थांबतो आणि जोर वाचला जातो. ड्रॉइंगमध्ये या उंचीवरील जोराला दहा टक्के टॉलरन्स आहे, म्हणून ‘अ’साठी २४ ते ३० आणि ‘ब’साठी ४० ते ५० अशा मर्यादा ठेवल्या. मधला ३० ते ४० हा पट्टा मुद्दाम रिकामा आहे: तिथे पडणारी स्प्रिंग कोणत्याच मॉडेलची नाही. मर्यादेबाहेरचा नग सोडवण्यासाठी किल्ली लागते, आणि तो कुलूपबंद लाल पेटीत पडल्याचे पेटीच्या तोंडावरील सेन्सरने सांगितल्याशिवाय पुढचा नग सुरू होत नाही.

हे करताना दोन गोष्टी जपा. थांब्याखाली एक मि.मी.ची चीप अडकली तर पातळ स्प्रिंगच्या वाचनात जवळपास तीन न्यूटनचा आणि जाड स्प्रिंगच्या वाचनात साडेचार न्यूटनचा फरक पडतो, म्हणून थांबा उघडा आणि हवेने साफ करता येईल असा ठेवा. दुसरे, प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला मोकळ्या अवस्थेतील वाचन शून्य येते का हे यंत्रणेने पाहिलेच पाहिजे. सरकलेल्या शून्यावर चांगले नग अडू लागतात, आणि मग कोणीतरी मर्यादाच रुंद करून टाकतो.

‘शेवटी व्हॉल्व्हची दाबचाचणी होतेच, मग हे कशासाठी?’ असे तुम्हांला विचारले जाईल. आमच्याकडेही विचारले गेले. आमच्या चाचणी बेंचवर कारागीर समायोजन स्क्रू फिरवून ठरलेला दाब मिळवतो. ‘अ’मध्ये जाड स्प्रिंग पडली असेल तर २७ न्यूटनसाठी ती १० ऐवजी फक्त ६ मि.मी. दाबावी लागते. एक मि.मी. पिचच्या स्क्रूचे चार आटे बाहेर ठेवले की दाब बरोबर दिसतो आणि व्हॉल्व्ह पास होतो. पण झडप एक मि.मी. उचलली जाताना जिथे २.७ न्यूटन वाढायला हवेत तिथे ४.५ वाढतात, म्हणून प्रवाह वाढला की दाब अपेक्षेपेक्षा जास्त चढतो. ग्राहकाची तक्रार नेमकी हीच होती. समायोजन असलेली चाचणी चुकीचा भाग लपवू शकते. तुमच्याही चाचणीत असा फिरवायचा स्क्रू असेल तर बाहेर दिसणाऱ्या आट्यांना मर्यादा घाला. आमच्या पहिल्या तक्रारीतील नगावर चार आटे जास्त दिसत होते, पण ते कोणी मोजत नव्हते.

६. मॉडेलची निवड माणसाच्या हातात ठेवू नका

तिसरे दार बंद करायला थोडेच लागते. मर्यादा कोणत्या लावायच्या हे निवडण्याचा फिरता स्विच स्टेशनवरून काढून टाका. बॉडीवरील कोड स्कॅन झाल्यावर मर्यादा आपोआप लागल्या पाहिजेत. कोड नसेल तर दोन बॉडींमधला एखादा कायमचा फरक, जसे एकीलाच असलेले भोक, फिक्स्चरमधील सेन्सरने ओळखावा. ऑर्डरच्या कागदावरील कोड स्कॅन करणे मात्र अपुरे आहे, कारण कागद एका मॉडेलचा आणि बॉडी दुसऱ्याची असे होऊ शकते.

७. रोखणारी यंत्रणा रोखते का, हे रोज पाहा

यासाठी मुद्दाम चुकीचे नमुने ठेवा. एक जाड आणि एक पातळ स्प्रिंग लाल रंगवून, क्रमांक घालून, आकार कोरलेल्या फळीवर ठेवा. पाळीच्या सुरुवातीला आणि प्रत्येक मॉडेल बदलानंतर चालू मॉडेलसाठी चुकीचा असलेला नमुना घालून यंत्रणा अडते का ते पाहावे, आणि मग चांगला नमुना पास होतो का तेही पाहावे. हे झाल्याशिवाय स्टेशन सुरूच होऊ नये.

तपासणी किती वेळाने करायची, हे एका हिशेबावरून ठरवा. चुकीचा नमुना पास झाला, म्हणजे यंत्रणा बिघडली आहे, तर मागच्या यशस्वी तपासणीपासूनचा सगळा माल अडवून ठेवावा लागतो. तासाला ६० नग आणि आठ तासांची पाळी असेल तर तो आकडा ४८० होतो. एवढे नग उघडून पाहणे तुम्हांला झेपणार नसेल तर पाळीच्या मध्यावर आणखी एक तपासणी लावा.

सेन्सर बिघडला आणि काम थांबवता येत नाही, ही वेळ येणारच. त्यासाठीची पद्धत आधीच लिहून ठेवा: बायपासची किल्ली कोणाकडे असेल, ती किती वेळ चालेल, आणि त्या काळातील प्रत्येक स्प्रिंग वजनकाट्यावर कोण घेईल. आमच्याकडे बायपास सुरू असताना स्टेशनवरील पिवळा दिवा लुकलुकत राहतो आणि नगांवर वेगळा शिक्का पडतो, त्यामुळे नंतर ते नग शोधून काढता येतात.

पाळी संपताना फळीवरील लाल नमुने मोजून सही करावी. त्यांतला एक कमी भरला, तर तो सापडेपर्यंत त्या पाळीचा माल बाहेर सोडू नये, कारण तो लाल तुकडा बहुधा एखाद्या व्हॉल्व्हच्या आत असतो.